रिक्षातून उतरल्यापासून दारापर्यंत: वाटेचा निरोप कसा लिहावा

मोठ्या गृहसंकुलात पहिल्यांदा येणाऱ्या वयस्कर नातेवाइकाला पाठवलेला वाटेचा निरोप तीन जणांच्या कामी येतो. त्यातला पहिला भाग रिक्षावाला ऐकतो, दुसरा गेटवरचा सुरक्षारक्षक ऐकतो आणि तिसरा भाग पाहुणा स्वतः वाचतो, तोही एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून. बहुतेक निरोपांत हे तिन्ही भाग एकाच परिच्छेदात मिसळलेले असतात. मग रिक्षात बसलेल्या माणसाला लिफ्टची माहिती आधी दिसते आणि लिफ्टपाशी उभे असताना चौकाचे नाव. निरोप लिहायला बसताना या तीन भागांची फारकत आधी करावी.

त्याच्याही आधी एक चौकशी करायला हवी: संकुलात रिक्षा आत सोडतात का? बऱ्याच सोसायट्यांत रिक्षा गेटवरच थांबवतात, पण सोबत सामान असलेली किंवा गुडघेदुखी असलेली वृद्ध व्यक्ती असेल तर आत जाऊ देतात. हा निर्णय अनेकदा त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या माणसाचा असतो. म्हणून आदल्या दिवशी केबिनपाशी जाऊन विचारावे, आणि पाहुणा संध्याकाळी येणार असेल तर संध्याकाळच्या पाळीतल्या माणसाला विचारावे. रिक्षा थेट इमारतीच्या पायरीशी जात असेल तर चालण्याची वाट लिहिण्याची गरजच उरत नाही. पुढचे विवेचन रिक्षा गेटवरच थांबते असे धरून केले आहे.

उदाहरणासाठी एक प्रसंग घेऊ. साताऱ्याहून ७४ वर्षांची आत्या एसटीने स्वारगेटला उतरते आणि रिक्षाने सिंहगड रस्त्यावर आनंदनगर भागात भाचीकडे येते. भाची कामावर आहे, तिला परतायला तासभर उशीर आहे, घरी शाळेतून आलेला मुलगा चिन्मय आहे. संकुल मुख्य रस्त्यापासून आत एका गल्लीत आहे. त्याला दोन गेटे आहेत, इमारती नऊ आहेत, आणि सगळ्यांचा रंग एकच, फिकट पिवळा. भाचीने घाईत पाठवलेला पहिला निरोप असा:

«आत्या, मेन गेटने आत ये. सरळ येऊन क्लब हाउसच्या अलीकडे डावीकडे वळ. दोन बिल्डिंगा सोडून सी विंग. लिफ्ट मागच्या बाजूला आहे. सातवा मजला.»

निरोप छोटा आहे, भाषा सोपी आहे आणि त्यातली एकही गोष्ट खोटी नाही. तरीही आत्या या निरोपाच्या आधाराने घरी पोहोचण्याची शक्यता कमी आहे. कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द, ज्याला ती जागा पाठ आहे, त्याच्या बाजूने लिहिलेला आहे.

«मेन गेट» घ्या. रहिवासी ज्या गेटने रोज ये-जा करतात त्याला ते मुख्य म्हणतात आणि उरलेल्याला मागचे. रिक्षावाला गल्लीत शिरल्यावर त्याला जे गेट आधी दिसेल ते त्याच्या दृष्टीने मुख्य. गेटवर क्रमांक रंगवलेला असेल तर तो लिहावा. नसेल तर गेटसमोर काय आहे ते लिहावे: पिठाची गिरणी, औषधांचे दुकान, शाळेची भिंत.

«अलीकडे» हा शब्द तर फारच दगा देतो. अलीकडे आणि पलीकडे हे बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरते. भाची घरात बसून लिहिते, तेव्हा तिच्या मनात क्लब हाउसची अलीकडची बाजू म्हणजे घराकडची बाजू असू शकते. आत्या गेटकडून येणार, तिची अलीकडची बाजू नेमकी उलटी. त्यातून «क्लब हाउसच्या अलीकडे वळ» या वाक्यात आणखी एक अडचण आहे. ज्याने क्लब हाउस कधी पाहिलेले नाही, त्याला ते येण्याआधी वळायचे आहे हे कळणार कसे? ओळखीची वस्तू वळणावर हवी किंवा वळणाच्या आधी हवी. वळण मागे पडल्यावर दिसणारी वस्तू खूण म्हणून निरुपयोगी असते, मात्र चूक झाल्याचे सांगायला ती उत्तम, आणि तो उपयोग पुढे येईलच.

«दोन बिल्डिंगा सोडून» यात मोजायला कुठून सुरुवात करायची हे सांगितलेले नाही. कोपऱ्यावरची इमारत धरायची की नाही? एकाच इमारतीला दोन प्रवेशद्वारे असतील तर ती एक धरायची की दोन? मोजणी टाळावी हे सर्वांत बरे. टाळता येत नसेल तर पाट्यांवरची नावे क्रमाने लिहावीत. «लिफ्ट मागच्या बाजूला» या वाक्यात मागची बाजू कोणाची, हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

असेच आणखी एक दुहेरी अर्थाचे जोडपे म्हणजे «उजव्या हाताला» आणि «उजवीकडे». «मंदिर उजव्या हाताला आहे» म्हणजे ते दिसेल, पण वळायचे नाही. «मंदिराशी उजवीकडे» म्हणजे वळायचे की नुसते पाहायचे? वाक्यात क्रियापद पूर्ण लिहिले की गोंधळ राहत नाही: «मंदिर उजव्या हाताला दिसेल, तसेच पुढे चाल» किंवा «मंदिराशी पोहोचल्यावर उजवीकडे वळ». पूर्व, पश्चिम या दिशा गावात राहिलेल्या वृद्धांना अचूक कळतात हे खरे, पण उंच इमारतींच्या मधोमध, ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळल्यावर त्यांचाही आधार राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची जागा: रिक्षातून पाय जमिनीवर टेकतो ती. डावे-उजवे सगळे तिथून मोजले जाते, आणि निरोपातून नेमकी तीच जागा गळते. रिक्षाच्या उजव्या बाजूला आडवा दांडा असतो, त्यामुळे उतारू डावीकडूनच उतरतो. गेट रिक्षाच्या डाव्या अंगाला असेल तर उतरणाऱ्याचे तोंड आपोआप गेटकडे होते. गेट उजव्या अंगाला असेल तर तो गेटकडे पाठ करून, समोरच्या फुटपाथवर किंवा गटाराच्या कडेला उतरतो. मग रिक्षाला वळसा घालून रस्ता ओलांडावा लागतो, आणि त्यात डावे-उजवे दोन्ही फिरून जातात. वृद्ध माणसासाठी रस्ता ओलांडणे हाच या सगळ्या प्रवासातला खरा धोका असतो, नुसती गैरसोय नव्हे. यावर उपाय सोपा आहे. रिक्षावाल्याला रिक्षा वळवून गेटच्या बाजूला लावायला सांगायचे, आणि हे वाक्य निरोपात रिक्षावाल्याच्या भागात घालायचे. उदाहरणातले गेट गल्लीत शिरताना उजवीकडे येते, त्यामुळे आत्याच्या निरोपात हे वाक्य हवेच.

रिक्षावाल्याच्या भागात चौक, वळण आणि उतरण्याची जागा एवढेच असावे. सिंहगड रस्त्यावर विठ्ठलवाडीच्या पुढे उड्डाणपूल झालेला आहे. रिक्षा पुलावर चढली तर आनंदनगर खाली राहते आणि पुढून मागे यावे लागते, म्हणून «पुलाखालून» हा एक शब्द इथे फार मोलाचा. मोबाइलवरच्या नकाशातली खूण पाठवायची असेल तर संकुलाचे नाव शोधून ती पाठवू नये. मोठ्या संकुलाची खूण अनेकदा जागेच्या मध्यभागी पडलेली असते, आणि नकाशा मग त्या बिंदूला जवळचा पडणारा रस्ता दाखवतो. तो मागच्या भिंतीलगतचा, गेट नसलेला रस्ताही असू शकतो. गेटबाहेर, जिथे रिक्षा लागायला हवी तिथे, उभे राहून तिथले ठिकाण पाठवावे.

गेटवरचा भाग एका ओळीचा असतो, पण तिथे अडकलेला पाहुणा पंधरा मिनिटे उभा राहू शकतो. सुरक्षारक्षकाला रहिवासी आडनावाने माहीत असतीलच असे नाही. शिवाय घर भाड्याचे असेल तर वहीत मालकाचे नाव असण्याची शक्यता असते. म्हणून इमारतीचे अक्षर आणि घराचा क्रमांक, याच क्रमाने सांगायला शिकवावे. जिथे पाहुण्याची नोंद मोबाइल ॲपवरून होते, तिथे त्याची पूर्वपरवानगी सकाळीच नोंदवून ठेवावी. नाहीतर गेटवरून येणारी विचारणा नेमकी बैठकीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर जाते आणि तो उचलेपर्यंत आत्या उन्हात उभी राहते. रक्षक मोबाइल क्रमांक विचारेल, नाव वहीत लिहायला सांगेल, हेही आधी सांगितलेले बरे. ज्यांनी अशी गेटे फारशी पाहिलेली नसतात त्यांना ही चौकशी अविश्वासासारखी वाटते.

चालण्याच्या भागासाठी खुणा निवडताना निरोप लिहिणाऱ्याने स्वतः गेटपासून दारापर्यंत एकदा चालून यावे. घरापासून गेटपर्यंत चालून चालत नाही, कारण उलट दिशेने येताना वस्तूंची दुसरीच बाजू दिसते. वेग मुद्दाम कमी ठेवावा आणि डोळे समोर, छातीच्या उंचीवर ठेवावेत. इमारतीच्या माथ्यावर रंगवलेले मोठे नाव लांबून वाचता येते, पण इमारतीच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर ते दिसत नाही. उभ्या केलेल्या गाड्या, वाळत घातलेले कपडे, फुललेले झाड या खुणा उद्या असतीलच असे नाही. ज्या वाटेवर बारा गुलमोहर आहेत तिथे «गुलमोहराशी वळ» याला अर्थ नाही. देऊळ, जाळीत बंद केलेली विजेची डीपी, जनरेटरची खोली, ध्वजाचा खांब, टपालपेट्यांची रांग, बसायचे बाकडे या वस्तू जागा सोडत नाहीत आणि बहुधा एकेकच असतात.

याहूनही चांगली खूण म्हणजे सलग जाणारी वस्तू. बागेचे कुंपण, भिंत, कठडा यांपैकी काही वाटेच्या कडेने जात असेल तर «कुंपण उजव्या हाताला ठेवून ते संपेपर्यंत चाल» एवढे सांगितले की रस्ता मध्ये कितीही वळला तरी चुकत नाही, आणि वाटेतले फाटे मोजावे लागत नाहीत. अंतर मीटरमध्ये किंवा पावलांत सांगू नये. पाऊल ज्याचे त्याचे वेगळे असते, आणि «दोनच मिनिटे» हे तरुण माणसाचे माप. सामान घेतलेली सत्तरीतली व्यक्ती मिनिटाला साधारण ४० ते ५० मीटर चालते असे धरले तर अंदाज बरा बसतो. आत्याची वाट १८० मीटरच्या आसपास आहे. भाची ती दोन मिनिटांत काटते, आत्याला चार-पाच मिनिटे लागतील. हा वेळ निरोपात लिहिलेला असला की तिसऱ्या मिनिटाला «आपण चुकलो» अशी धास्ती वाटत नाही.

पाट्यांवरची अक्षरे व आकडे जसे रंगवलेले असतील तसेच, त्याच लिपीत निरोपात उतरवावेत. पाटीवर इंग्रजी आकडे आणि निरोपात मराठी आकडे असले तर घोटाळा होऊ शकतो, विशेषतः इंग्रजी नऊ आणि मराठी एक यांच्यात. चष्मा बदलायला झालेल्या डोळ्यांना ते सारखेच दिसतात.

या सगळ्यानंतर आत्याला पाठवायचा निरोप असा होतो:

«आत्या, हा निरोप तीन भागांत आहे. एकेक भाग वेळ येईल तेव्हा वाच.

रिक्षात बसताना रिक्षावाल्यांना सांग: सिंहगड रस्ता, आनंदनगर. उड्डाणपुलावर चढू नका, पुलाखालून घ्या. गल्लीत पिठाच्या गिरणीसमोरचे गेट. गेट उजवीकडे येईल, रिक्षा वळवून गेटच्या बाजूलाच लावा.

गेटवर सांग: सी दोन, सातशे तीन. माझे नाव सांगू नकोस, त्यांना नंबरच कळतो. ते तुझा मोबाइल नंबर विचारतील, दे.

आता चालायचे. सगळे मिळून पाच मिनिटे. सावकाश ये.

गेटातून आत आलीस की उजव्या हाताला बागेचे हिरवे कुंपण लागेल. ते उजव्या हाताला ठेवून, संपेपर्यंत चाल.

कुंपण संपते तिथे समोर गणपतीचे छोटे देऊळ आहे. देवळाशी डावीकडे वळ.

वळल्यावर लगेच गाड्यांचा उतार खाली जातो. तो उतरू नकोस, त्याच्या कडेने सरळ ये.

उजव्या हाताला सी एक अशी पाटी दिसेल. तिथे आत जायचे नाही. तीच भिंत धरून पुढे कोपऱ्यावर उजवीकडे वळ. तिथे बाकडे आणि टपालपेट्या आहेत. तेच सी दोनचे दार. पायऱ्या पाच आहेत, शेजारी कठड्याचा उतार आहे, तिकडून ये.

लिफ्टमध्ये सातचे बटण. बाहेर आलीस की डावीकडचे पहिले दार, तोरण लावलेले. चिन्मय घरी आहे.

निळा पोहण्याचा तलाव दिसला तर वळण मागे राहिले. तिथून हलू नकोस, मला फोन कर.»

हा निरोप पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण कोणत्याही क्षणी आत्याला त्यातली एकच ओळ लागते. प्रत्येक ओळ एका दिसणाऱ्या वस्तूपाशी संपते आणि पुढची ओळ त्याच वस्तूपासून सुरू होते. चालण्याच्या वाटेवर दोन ठिकाणी काय करायचे नाही हे सांगितले आहे, कारण तिथेच माणूस चुकतो: तळघराचा उतार सरळ पुढे जाणाऱ्या रस्त्यासारखा दिसतो, आणि सी एकची पाटी पाहिली की «सी आले» असे वाटून पावले आत वळतात. अशा सूचना जिथे खरी भूल पडते तिथेच द्याव्यात. प्रत्येक वळणावर «तिकडे जाऊ नकोस» लिहिले तर न जायच्या जागाच जास्त लक्षात राहतात.

चूक कळण्याची खूण मात्र एक तरी असलीच पाहिजे. ती योग्य वाटेवरून कधीही न दिसणारी आणि चुकीच्या वाटेवरून नक्की दिसणारी वस्तू असावी. तलाव देवळाच्या पुढे आहे, देवळाशी वळलेल्याला तो दिसत नाही. तिथे थांबायला सांगणेही तितकेच गरजेचे. वाट चुकलेला माणूस चालतच राहिला तर त्याला शोधायला निघालेल्याचा आणि त्याचा चुकामूक होण्याचा खेळ सुरू होतो.

लिफ्टच्या बाबतीत मजल्यांची मोजणी तपासून घ्यावी. काही इमारतींत लिफ्टमध्ये तळमजल्याच्या खाली तळघराचे आणि वर पार्किंगचे एक-दोन मजले असतात. त्यामुळे बाहेरून मोजलेला मजला आणि बटणावरचा आकडा जुळत नाही. जुन्या वाड्यांत किंवा दुमजली घरांत आयुष्य गेलेल्या काही व्यक्ती तळमजल्यालाच पहिला मजला धरतात. «सातवा मजला» याऐवजी «सातचे बटण» असे लिहिले की दोन्ही अडचणी मिटतात.

निरोप पाठवण्याची वेळ आदल्या संध्याकाळची. रिक्षात बसल्यावर आलेला निरोप हादऱ्यांत वाचता येत नाही, आणि त्याआधी एसटीतून केलेल्या फोनांनी मोबाइल उतरलेला असू शकतो. आदल्या दिवशी पाठवून फोनवर आत्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. जिथे ती अडखळते किंवा «म्हणजे कुठे?» असे विचारते ती ओळ तेव्हाच बदलावी. मग सगळा निरोप एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायला सांगावे, आणि भाचीचा मोबाइल क्रमांकही त्याच कागदावर. कागदाचा पडदा उन्हात काळा पडत नाही, चार्ज संपत नाही, मध्येच आलेल्या फोनने निरोप झाकला जात नाही. बोलून पाठवलेला निरोप, म्हणजे व्हॉइस मेसेज, घरी बसून ऐकायला छान असतो, पण चालताना नेमके एक वाक्य पुन्हा ऐकायचे तर सगळे मागे न्यावे लागते, आणि गल्लीतल्या हॉर्नमध्ये अर्धे शब्द हरवतात.

फोटो पाठवायचे तर एक किंवा दोन. सगळ्या वाटेचे दहा फोटो पाठवले की कोणता कुठला हेच कळेनासे होते. उदाहरणातल्या वाटेवर देवळाशी डावीकडे वळण्याच्या जागेचा एक फोटो पुरे. तो येणाऱ्याच्या बाजूने, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून आणि आत्या पोहोचेल त्याच वेळेस घ्यावा. दुपारचा फोटो आणि सायंकाळची दिव्यांची जागा यांत बरेच अंतर असते. हिवाळ्यात साडेसहालाच अंधार होतो, हे लक्षात घेऊन त्या वेळी वाटेवरचे दिवे लागलेले असतात का, बागेला पाणी घालून फरशी ओली करतात का, हेही चालून पाहताना तपासावे.

शेवटची चाचणी घरातल्या माणसाकडून होत नाही, कारण त्याला वाट माहीत असते आणि तो निरोपातल्या चुका स्वतःच भरून काढतो. संकुलात कधीही न आलेली एखादी मैत्रीण किंवा ऑफिसमधला सहकारी मिळाला तर त्याला निरोप देऊन गेटवरून सोडावे आणि एकही शब्द न बोलता मागून चालावे. तो जिथे थांबून इकडेतिकडे पाहतो तिथे निरोप अपुरा आहे. असे कोणी मिळाले नाही तर आत्या पोहोचल्यावर, चहा झाल्यावर, ती वाटेत कुठे थांबली होती एवढे विचारून घ्यावे आणि ती ओळ दुरुस्त करून ठेवावी. पुढच्या महिन्यात काका यायचे असतात.